अकराव्या मिनिटाचा लाल पट्टा

उत्कर्षा मेश्राम लोकांचं लक्ष वाचायची. हसू नका, याच कामाचा तिला पगार मिळत होता. कोथरूडमध्ये एका इमारतीत, खाली चष्म्याचं दुकान आणि वर दातांचा दवाखाना यांच्या मधल्या मजल्यावर, ऑनलाइन कोर्स बनवणारी एक छोटी कंपनी होती. कंपनी धड्यांचे व्हिडिओ बनवायची, मुलं ते आपापल्या घरी बसून बघायची. आणि मुलांनी काय बघितलं, काय पळवलं, कुठे मागे जाऊन पुन्हा लावलं, याचा रंगीत नकाशा उत्कर्षाच्या पडद्यावर यायचा. त्याला हीटमॅप म्हणतात. प्रत्येक विद्यार्थ्याची एक आडवी पट्टी. एकदा बघितलेला भाग हिरवा, दोनदा बघितलेला पिवळा, तीनदा किंवा त्याहून जास्त बघितलेला लाल, आणि बघितलाच नाही तो पांढरा. सगळ्या पट्ट्यांच्या डोक्यावर एक आलेख असायचा, व्हिडिओतला कुठला क्षण एकूण किती वेळा चालवला गेला याचा. हे सगळं बघून दर तीन महिन्यांनी प्रत्येक धड्यापुढे शेरा लिहायचा: राहू द्या, कापा, किंवा पुन्हा शूट करा.

पांढरं वाचणं सोपं असतं. पांढरं म्हणजे कंटाळा, कापून मोकळं व्हावं. लाल मात्र महाफसवं. माणूस मागे जाऊन पुन्हा का बघतो? आवडलं म्हणून, नाहीतर डोक्यावरून गेलं म्हणून. आणि शिकवायच्या व्हिडिओत बहुतेक वेळा डोक्यावरूनच गेलेलं असतं. संख्याशास्त्राचा धडा प्रेमाखातर पुन्हा पुन्हा बघणारं पुण्यात तरी कोण सापडणार?

पण एक होतं. तेच तर सांगायचंय.

उत्कर्षा मूळची भंडाऱ्याची. चार वर्षांपूर्वी पुण्यात आली, आणि तीन वर्षं कल्याणी नावाच्या मैत्रिणीबरोबर कोथरूडच्याच एका सोसायटीत राहिली. मग कल्याणीचं लग्न झालं आणि ती बंगळूरला गेली. जाताना मिक्सर ठेवून गेली. दुसरी कुणी येईल, येईल म्हणता म्हणता वर्ष गेलं, आणि उत्कर्षाला एकटीनंच राहायची सवय लागली. सवय लागली असं आपलं म्हणायचं. आई रविवारी फोन करायची, पण भावाला जुळी झालेली. "हं, बोल बेटा," असं म्हणून आई अर्धं वाक्य हिच्याशी आणि अर्धं त्या जुळ्यांशी बोलायची. "अरे, तोंडात नको घालू ते! तुला नाही गं, याला." उत्कर्षा हसायची. फोन ठेवल्यावर लक्षात यायचं, की आपण काहीच सांगितलं नाही, आणि आपल्याला कुणी काही विचारलंही नाही.

सकाळ निघून जायची, ऑफिसही निघून जायचं. अडायचं ते जेवताना. एका माणसाचा कुकर लावायचा, एका माणसाचं ताट घ्यायचं आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. सिरियल लावून बघितली, त्यात सगळे एकमेकांवर ओरडत होते. गाणी लावली, तर घास गिळवेना. मग एकदा सहज तिनं मोबाइलवर रंगराव सरांचा चौदावा धडा लावला.

रंगराव सर म्हणजे कंपनीच्या संख्याशास्त्राच्या कोर्सचे मास्तर. कॉलेजातून निवृत्त झालेले, नारायण पेठेत एकटेच राहणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. कंपनीत ते रिक्षानं यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात स्वतःचा खडू घेऊन. स्टुडिओत डिजिटल फळा होता हो, पण खडू हातात असल्याशिवाय त्यांना शिकवताच येत नसे.

चौदावा धडा सरासरी आणि मध्यक यांचा. अकराव्या मिनिटाला सर म्हणतात, "एका मेसमध्ये दहा पोरं जेवतात. नऊ जण चार-चार पोळ्या खातात. दहावा पैलवान, तो एकटा तीस खातो. मेसवाल्या काकूंनी सरासरी काढली, आली सहा पूर्णांक सहा. आता मला सांगा, सहा-साडेसहा पोळ्या खाणारं त्या पंगतीत आहे का कुणी? एक पैलवान सगळा हिशेब वर ओढतो. म्हणून मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, बघायचा. मध्यक काय आला? चार." इथवर शिकवणं. मग सर चष्मा काढतात, रुमालानं पुसतात, आणि भलतंच बोलायला लागतात. "पोळ्यांवरून आठवलं. जेवलात का? नसाल जेवलात तर थांबवा हा व्हिडिओ, दोन घास खाऊन घ्या. गणित काही पळून जात नाही. मी आहे इथंच." चष्मा परत डोळ्यांवर जातो, आणि सर फळ्याकडे वळतात.

उत्कर्षानं तो भाग एकदा ऐकला आणि हातातला घास हातातच राहिला. तिनं मागे जाऊन पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजचंच झालं. ताट घेतलं की पोळ्यांपासून "मी आहे इथंच" पर्यंत लावायचं, संपलं की परत मागे, दोनदा, कधी चारदा. "जेवतेय सर," असं ती एक-दोनदा मोठ्यांदा म्हणालीसुद्धा. मग आपण मोबाइलशी बोलतोय हे लक्षात येऊन तिची तिलाच लाज वाटली. बाहेर कुणाला कळलं असतं तर काय म्हणाले असते? पण कळणार कुणाला, घरात होतं कोण!

आता गंमत बघा. दिवसभर दुसऱ्यांचं लक्ष वाचणाऱ्या या बाईला, आपलंही लक्ष कुठेतरी मोजलं जात असेल, हे सुचलंच नाही. कंपनीतल्या लोकांनी ऑफिसच्या इंटरनेटवरून बघितलेलं मोजायचं नाही, अशी सोय तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या राकेशनं करून ठेवली होती. पण उत्कर्षा बघायची घरी, स्वतःच्या मोबाइलवर, आणि तेही 'चाचणी विद्यार्थी' नावाच्या खात्यातून. विद्यार्थ्यांना अ‍ॅप कसं दिसतं हे तपासायला ते खातं कधीतरी काढलेलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सोमवारी मीटिंग होती. या तिमाहीत उत्कर्षाकडे नर्सिंगचा कोर्स होता, म्हणून संख्याशास्त्राचे नकाशे अभयनं स्वतः बघितले होते. अभय म्हणजे कोर्स विभागाचा प्रमुख, सदाशिव पेठेत वाढलेला, आणि बोलणं त्या पेठेला शोभेल असंच.

"चौदावा धडा," तो म्हणाला आणि भिंतीवर आलेख लावला. आलेख सपाट जात होता, आणि अकराव्या मिनिटाला एकदम डोंगर. तोही लालभडक. "कोर्स नवीन आहे, दीड-पावणेदोनशे मुलं आहेत. त्यात हा एवढा डोंगर. मुलं पुन्हा पुन्हा मागे येतायत. याचा अर्थ पोळ्यांचं उदाहरण कुणालाही पचलेलं नाही."

"आवडलं असेल," राकेश म्हणाला.

"राकेश, मध्यक आहे तो. माधुरीचा नाच नाही."

सगळे हसले. उत्कर्षा हसली नाही. डोंगर पोळ्यांपाशी सुरू होत होता आणि "मी आहे इथंच" ला संपत होता. सेकंदाला सेकंद. चोराच्या मनात चांदणं, पण इथं चांदणं चांगलं हातभर भिंतीवर पडलं होतं आणि सगळं ऑफिस ते बघत बसलं होतं.

"पुन्हा शूट," अभय म्हणाला. "सरांबरोबर नको. त्यांना इकडचं तिकडचं बोलल्याशिवाय राहवत नाही. आपली नवी शिक्षिका आहे ना, चैताली, ती करेल, सहा मिनिटांत, अ‍ॅनिमेशन लावून. आणि एका कोर्सला दोन चेहरे बरे दिसत नाहीत, तेव्हा पुढचा भागही चैतालीच करेल. सरांचं काम इथंच थांबवू."

"पट्ट्या बघितल्यात का?" उत्कर्षानं कसंबसं विचारलं. "एकेका विद्यार्थ्याच्या?"

"वरचा आलेख पुरेसा बोलतोय. तुला बघायच्या असतील तर बघ, बुधवारी अंतिम करू. आणि सरांना जरा फोन करून कल्पना दे. तुझ्याशी बरं बोलतात ते."

झालं! आधीच चोरी हिची, आणि निरोप द्यायलाही हिलाच धाडलं.

तिनं संध्याकाळी फोन केला. चैतालीचं नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही. चौदाव्या धड्याचं पुन्हा शूटिंग करायचा विचार चाललाय, एवढंच ती म्हणाली.

"का गं?" सरांनी विचारलं. "मुलांना समजलं नाही का?"

"तसं नाही सर. तो भाग पुन्हा पुन्हा बघितला जातोय."

"म्हणजे नाहीच समजलं. अगं, वर्गात मी पोळ्या सांगितल्या की पोरांचे चेहरे दिसायचे मला. समजलं की नाही, लगेच कळायचं. तुमच्या त्या कॅमेऱ्याला चेहरा नाही. मी आपला काळ्या काचेकडे बघून बोलतो, आणि पलीकडे कुणी आहे असं समजतो." ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "चूक माझीच. मध्येच ते जेवणाचं काढलं ना, त्यानं पोरांचा धागा तुटला असणार. या वेळी तसं नाही बोलणार. उदाहरणही बदलतो. दोन दिवस दे, तयारी करून ठेवतो. निळा शर्ट चालेल ना? मागच्या वेळी पांढरा चकाकला होता."

"चालेल सर," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी तिनं व्हिडिओ लावला नाही. वरणभात समोर ठेवून ती नुसती बसून राहिली. अहो, सगळा दोष या माणसानं एका दमात स्वतःच्या डोक्यावर घेतला! आणि कुणाच्या वाटचा? जी बाई त्याच्याच शब्दांवर तीन महिने जेवत होती, तिच्या वाटचा. ती गप्प राहिली तर बुधवारी सर जाणार, आणि आपल्याला शिकवता येत नाही असं समजून जाणार. तिला इतकं रडू आलं, की भात तसाच झाकून ठेवावा लागला.

मंगळवारी तिनं पळवाट काढून बघितली. माणूसच आहे, काढणारच. तिनं एकेक पट्टी उघडली. पट्ट्या हिरव्या, हिरव्या, मधेच पिवळी, आणि त्यांत एकच पट्टी अकराव्या मिनिटाला रक्तासारखी लाल. नाव: चाचणी विद्यार्थी. ती राकेशच्या टेबलाशी गेली.

"ही एक पट्टी वगळता येईल का? बॉट वगैरे असेल."

राकेशनं वाकून बघितलं. "बॉट कसला? बॉट सगळा व्हिडिओ चालवेल. हा नेमका दीड मिनिट चालवतो, तेही रोज रात्री साडेआठच्या सुमाराला. माणूस आहे हा. चाचणीचा पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे, कुणीतरी बाहेर दिला असणार. पाच-दहा पोरं मिळून वापरत असतील."

"पण वगळता येईल ना?"

"कोण आहे ते कळल्याशिवाय अभय नाही वगळू देणार. त्याचं म्हणणं माहीत आहे तुला, एकदा नको ती पट्टी काढायला लागलो, की मग नकाशा कशाला हवा, मनातलंच लिहा. आणि बरोबर आहे त्याचं." राकेशनं मान वर केली. "तुला का एवढं पडलंय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि जागेवर आली.

बुधवारी मीटिंगच्या आधीच ती अभयच्या केबिनमध्ये गेली. राकेश तिथंच बसलेला होता. त्याला बाहेर जायला सांगावं असं तिच्या मनात आलं, पण मग धीर राहिला नसता.

"चौदाव्या धड्याचा डोंगर मुलांचा नाही," ती म्हणाली. "एकाच खात्याचा आहे. ते खातं मी वापरते. घरून."

अभयनं चष्म्यावरून बघितलं. "तू? तुला मध्यक समजत नाही?"

"समजतो."

"मग?"

आता आली का पंचाईत! तिनं घरून येताना चार कारणं जुळवून आणली होती: आवाज तपासत होते, कापायची जागा शोधत होते. एकही तोंडातून बाहेर येईना.

"जेवताना लावते," ती म्हणाली. "सर विचारतात ना, जेवलात का म्हणून. तेवढंच लावते. घरी दुसरं कुणी विचारत नाही."

वरच्या मजल्यावर दाताचं मशीन चालू झालेलं तेवढं ऐकू आलं. राकेश टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिला. पुणेरी माणूस अशा वेळी एक टोमणा मारून मोकळा होतो, आणि अभयच्या जिभेवर तो आलाही असणार. पण त्यानं तो गिळला.

"राकेश, ती पट्टी काढ," तो एवढंच म्हणाला.

पट्टी गेली आणि डोंगर भुईसपाट झाला. पोळ्यांच्या उदाहरणावर आलेख सरळ होता, मुलं नीट बघत होती, पुढे जात होती. सगळ्यांना समजलं होतं.

"वा रे आम्ही," अभय म्हणाला. "एक पैलवान सगळा हिशेब वर ओढतो, हे शिकवायचे पैसे घेतो आम्ही. आणि पैलवान आमच्याच ऑफिसात." मग उत्कर्षाकडे न बघता म्हणाला, "सर राहतील. रिशूट रद्द."

तिचा जीव भांड्यात पडला. पण पडद्यावर अजून काहीतरी होतं, आणि ते तिनंच आधी बघितलं. सवयच तशी. उदाहरण संपल्यावर, सरांनी चष्मा काढला तिथून पुढे, आलेख खड्ड्यात गेला होता. तिच्या लाल डोंगराखाली तो खड्डा इतके दिवस झाकला गेला होता. खाली पट्ट्यांवर पट्ट्या पांढऱ्या. "जेवलात का" हे शब्द बहुतेकांनी ऐकलेच नव्हते. चष्मा निघाला की मुलं व्हिडिओ पुढे सरकवत होती. पट्ट्या खालीवर करून तिनं दोनदा बघितलं. तिथं मागे परतलेलं एकही माणूस नव्हतं. एवढ्या सगळ्या मुलांत ती एकटीच होती.

अभयनंही ते बघितलं. "हा शेरा तू लिही," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "मी नाही सांगत काय लिहायचं ते."

म्हणजे तो भाग ठेवायचा असता तर ठेवता आला असता. कुणी काही म्हणालं नसतं, उलट सगळे समजून हसले असते. पण तो धडा तिच्या जेवणासाठी नव्हता. तो परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी होता, आणि ती मुलं त्या जागी चिडून बोट सरकवत होती. उत्कर्षानं चौदाव्या धड्यापुढे लिहिलं: उदाहरण उत्तम, राहू द्या. चष्मा काढल्यापासून फळ्याकडे वळेपर्यंत कापा. दुपारी कापलेला व्हिडिओ तपासायलाही तिच्याकडेच आला. पोळ्या झाल्या, मध्यक आला, आणि सर तडक फळ्याकडे वळले. जोड कुठे दिसत नव्हता. तिनं 'ठीक' असं लिहून पाठवून दिलं.

घरी आल्यावर तिनं कुकर लावला नाही. आधी सरांना फोन केला.

"सर, शूटिंग रद्द झालं. धडा चांगला आहे. पोळ्यांचं उदाहरण सगळ्यांना समजलंय, आम्हीच नकाशा चुकीचा वाचला. पुढचे धडे तुम्हीच घ्यायचेत."

"असं होय," सर म्हणाले. आनंद झालेला कळत होता, आणि थोडा हिरमोडही. "निळा शर्ट इस्त्री करून आणला होता गं मी. असू दे, पुढच्या धड्याला होईल." मग म्हणाले, "पण चुकीचा कसा वाचलात? मग पुन्हा पुन्हा बघितलं जात होतं ते कशामुळे?"

"एकाच जणामुळे सर. तो एकटा रोज बघायचा."

"एकच? म्हणजे पैलवान!" सर खळखळून हसले. "आणि त्याला काय समजत नव्हतं?"

"समजत होतं. तो जेवताना लावायचा. तुम्ही जेवणाचं विचारता ना, ते." ती थांबली. खरं ते सगळंच सांगून टाकावं, असं वाटलं. "तो भाग आज कापला सर. बाकीची मुलं तो सोडून पुढे जात होती."

पलीकडचा हा माणूस आयुष्यभर आकड्यांमागचं माणूस शोधत आलेला, त्याला आणखी काय सांगायला हवं होतं?

"योग्य केलंस," ते सावकाश म्हणाले. "गणिताच्या तासाला जेवणाच्या चौकशा नकोतच. खरं सांगू का, शूटिंगच्या दिवशी मी सकाळपासून कुणाशी बोललेलो नसतो. मग समोर ते यंत्र दिसलं की येतं तोंडात काहीतरी." आणि जरा वेळानं, अगदी सहज विचारल्यासारखं, "उत्कर्षा, आज जेवलीस का?"

ती सवयीनं थांबली. इथं चष्मा परत डोळ्यांवर जायचा, सर फळ्याकडे वळायचे आणि गणित सुरू व्हायचं. तीन महिने ती या प्रश्नाचं उत्तर देत आली होती, आणि उत्तरासाठी कुणीही कधी थांबलं नव्हतं.

गणित सुरू झालं नाही. फोनमध्ये सरांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मागे नारायण पेठेतली एखादी स्कूटर गेली. सर वाट बघत होते.

"नाही सर," उत्कर्षा म्हणाली, आणि फोन कानाला धरूनच कुकर काढायला उठली.